कार्डाला ठाऊक नसलेलं बटण

कोल्हापुरातली एक बाई दुबईला मुलीकडे निघाली आहे. निघायच्या आदल्या रात्री ती मोबाइलवर बँकेचं ॲप उघडते आणि आपल्या डेबिट कार्डाचं परदेशातल्या व्यवहारांचं बटण सुरू करते. कार्ड त्या वेळी आतल्या खोलीत, पर्समध्ये आहे. फोनचा त्याला स्पर्शही झालेला नाही आणि त्याच्या चिपमधली एक नोंदही बदललेली नाही. तरीही त्या क्षणापासून अरबी समुद्रापलीकडच्या एखाद्या किराणा दुकानातलं यंत्र त्याच कार्डाला वेगळं उत्तर देणार आहे. काल तिथे नकार मिळाला असता, उद्या होकार मिळेल.

मला या गोष्टीचं फार नवल वाटतं. बटण दाबल्यावर बदललं काय, हे समजून घेतलं की ॲपमधली ती कोरडी यादी एकदम जिवंत होते. आणि आपण कोणतं बटण सुरू ठेवावं, कोणतं बंद, हेही आपोआप उमगत जातं.

बदल होतो तो बँकेच्या संगणकात, आपल्या कार्ड नंबरासमोरच्या नोंदीत. कार्डाला त्याची गंधवार्ताही नसते. टॅप करून पैसे देण्याचं बटण बंद असलेलं कार्ड दुकानातल्या यंत्राजवळ नेऊन पाहा. ते नेहमीसारखंच जागं होईल. कार्डात बॅटरी नसते, पण त्याच्या कडेकडेनं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं दडलेलं असतं. यंत्र सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनं करणारं चुंबकीय क्षेत्र आपल्याभोवती पसरत असतं. कार्ड चार-पाच सेंटिमीटरवर आलं की त्या वेटोळ्यात वीज तयार होते, आणि तेवढ्या विजेवर चिप चालू होते. ती आपला व्यवहारांचा मोजणीअंक एकानं वाढवते, रक्कम आणि इतर तपशील घेऊन आत दडवलेल्या गुप्त किल्लीनं एक सांकेतिक आकडा बनवते, तो यंत्राकडे सोपवते आणि पुन्हा निजते. सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास. बटण बंद असलं तरी कार्ड हे सगळं मन लावून करतं. नकार येतो तो बँकेकडून.

बँकेला हे कळतं कसं? दुकानातल्या यंत्राकडून एक संदेश निघतो. तो आधी दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यात आणि शेवटी आपल्या बँकेत. उत्तर त्याच वाटेनं उलट येतं. जाऊन-येऊन सेकंद-दोन सेकंद. या संदेशाचा साचा जगभर बहुतेक ठिकाणी एकाच मानकावर बेतलेला आहे. त्याचं नाव आयएसओ ८५८३, आणि त्याची पहिली आवृत्ती १९८७ सालची. पोस्टाच्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर जशी पाठवणाऱ्याचं नाव, रक्कम, गाव यांच्यासाठी ठरलेली जागा असायची, तशी या संदेशात क्रमांक दिलेली घरं असतात. चौथ्या घरात रक्कम. एकोणिसाव्या घरात दुकानदाराच्या बँकेचा देश. आणि बाविसाव्या घरात, मला सगळ्यात आवडणारी नोंद: कार्ड वाचलं कसं गेलं.

या बाविसाव्या घरात चिप खाचेत घालून वाचली असेल तर ०५ हा आकडा येतो. टॅप केलं असेल तर ०७. जुन्या पद्धतीनं काळी चुंबकीय पट्टी घासली असेल तर ९०. ऑनलाइन खरेदीत कार्ड समोर नसतंच. त्याच्या खुणा वेगळ्या. देशांनाही असेच आकडे आहेत. भारताचा ३५६, संयुक्त अरब अमिरातीचा ७८४. म्हणजे आपण ॲपमध्ये जी बटणं सरकवतो ती खरं तर या घरांना विचारलेले प्रश्न आहेत. 'कॉन्टॅक्टलेस' बंद म्हणजे बाविसाव्या घरात ०७ दिसला की नाही म्हणायचं. 'इंटरनॅशनल' बंद म्हणजे देशाच्या घरात ३५६ सोडून काहीही दिसलं की नाही म्हणायचं. मर्यादा म्हणजे चौथ्या घरातला आकडा आपण लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. घरात बसून एक बाई जगभरच्या यंत्रांना अट घालू शकते, ती या तीन-चार घरांच्या जोरावर.

ही सोय बँकांनी हौसेनं दिलेली नाही. १५ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं की नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड हाती येईल तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर, तेही चिप घालून, चाललं पाहिजे. ऑनलाइन, परदेश आणि टॅप या तिन्ही वाटा ग्राहकानं स्वतः उघडायच्या. जुन्या कार्डांपैकी ज्यांचा यांपैकी एखाद्या प्रकारासाठी कधीच वापर झाला नव्हता, त्यांची ती वाट बंद करणं बँकांना सक्तीचं झालं. शिवाय प्रत्येक प्रकार चालू-बंद करण्याची आणि त्याची मर्यादा ठरवण्याची सोय चोवीस तास द्यायची, आणि कार्डाच्या स्थितीत बदल झाला की एसएमएस किंवा ईमेलनं कळवायचं. नियम मार्चमध्ये लागू व्हायचा होता. कोविडमुळे मुदत वाढली आणि ३० सप्टेंबर २०२० नंतर तो अमलात आला.

नवं कोरं कार्ड घरी येतं, पिन तयार होतो, एटीएममधून पैसेही निघतात, आणि ऑनलाइन रेल्वे तिकीट काढायला गेलं की व्यवहार फसतो, तो यामुळे. कार्डात काही बिघाड नसतो. ऑनलाइनची वाट आपण अजून उघडलेली नसते, एवढंच.

ती उघडायची जागा प्रत्येक ॲपमध्ये थोड्या वेगळ्या नावानं असते. साधारणपणे Cards या भागात जाऊन आपलं कार्ड निवडलं की Manage Card, Card Controls किंवा Usage and Limits असं काहीतरी दिसतं. आत Domestic आणि International असे दोन कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्यात एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टॅप यांची वेगळी बटणं. दुकानाच्या बटणाला बहुधा POS, ऑनलाइनच्या बटणाला Online किंवा E-commerce आणि टॅपच्या बटणाला Contactless, Tap & Pay किंवा NFC म्हटलेलं असतं. बटणासमोर मर्यादेचा आकडा किंवा सरकपट्टी. शेवटी ओटीपी किंवा पिन देऊन बदल पक्का करायचा. तो करेपर्यंत बटण हिरवं दिसलं तरी बँकेच्या नोंदीत काही लिहिलं गेलेलं नसतं. खूण एकच: बदलाचा एसएमएस आला, तर नोंद झाली. ॲप जमत नसेल तर नेटबँकिंग, एटीएम किंवा बँकेच्या फोनसेवेतूनही हेच करता येतं. आणि काही कार्डं मुळातच फक्त भारतापुरती दिलेली असतात. त्यांच्या यादीत परदेशाचा कप्पा दिसणार नाही किंवा दिसला तरी चालणार नाही. प्रवासाच्या आठवडाभर आधी हे तपासलेलं बरं.

आता आपल्या कोल्हापूरच्या बाईंबरोबर दुबईला जाऊ. त्यांनी निघताना परदेशातलं दुकानाचं बटण सुरू केलं आणि दिवसाची मर्यादा १५,००० रुपये ठेवली. परदेशातला टॅपही सुरू केला, पण एका वेळी २,००० रुपयांपर्यंतच. परदेशातलं एटीएम बंद ठेवलं, परदेशी ऑनलाइनही बंद. हिशेब सोपा जावा म्हणून एक दिरहम २४ रुपयांना धरू.

पहिल्या दिवशी किराणा दुकानात ८५ दिरहमचं सामान झालं. बाईंनी कार्ड टॅप केलं. संदेश निघाला: वाचन ०७, देश ७८४, रक्कम ८५ दिरहम. कोल्हापूरच्या खात्याची मर्यादा रुपयांत असते, म्हणून वाटेत जाळ्यानं रकमेचे रुपये केले: २,०४०. बँकेच्या संगणकानं पाहिलं की परदेशाला परवानगी आहे, टॅपला परवानगी आहे, पण टॅपची मर्यादा २,००० आहे. चाळीस रुपयांसाठी नकार गेला. खात्यात लाखभर रुपये होते, त्याचा इथे काही संबंध नाही. मुलीनं सांगितलं, "आई, कार्ड खाचेत घाल आणि पिन दे." तेच कार्ड, तेच दुकान, तीच रक्कम. फक्त बाविसाव्या घरात ०७ ऐवजी ०५ आला आणि वेगळी अट लागू झाली. व्यवहार झाला. दिवसाच्या पंधरा हजारांतले १२,९६० उरले.

दुपारी मायलेकी अबूधाबीला गेल्या आणि एका हॉटेलात उतरल्या. हॉटेलानं ५०० दिरहम अनामत म्हणून कार्डावर अडकवले. हे पैसे हॉटेलाला लगेच मिळत नाहीत, पण 'एवढी रक्कम बाजूला ठेवा' असा संदेश बँकेकडे येतो आणि बँक त्याला होकार देते. मर्यादेच्या दृष्टीनं सहसा तोही खर्चच. १२,००० रुपये गेले, उरले ९६०. संध्याकाळी जेवणाचं बिल ६० दिरहम, म्हणजे १,४४० रुपये झालं आणि कार्ड पुन्हा नाकारलं गेलं. बाई गोंधळल्या, कारण त्यांच्या मते दिवसभरात त्यांनी किराणाच काय तो घेतला होता. मुलीनं तिथेच ॲप उघडून मर्यादा २०,००० केली. पुन्हा कार्ड घातलं आणि बिल भागलं. दोन प्रयत्नांमध्ये जेमतेम एक मिनिट गेलं असेल. तेवढ्यात कोल्हापूरच्या खात्याची नोंद बदलली होती आणि अबूधाबीतल्या यंत्राला नवं उत्तर मिळालं होतं.

जराशी वाट पाहिली असती तरी चाललं असतं. दिवसाची मर्यादा आपल्या बँकेच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते, आणि दुबईचं घड्याळ आपल्या मागे दीड तास चालतं. भारतात मध्यरात्र होऊन नवा दिवस लागतो तेव्हा तिथे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात हीच वेळ दुपारी अडीचची येते. तिथे फिरणाऱ्या माणसाची सकाळची आणि संध्याकाळची खरेदी बँकेच्या लेखी दोन वेगवेगळ्या दिवसांची असते.

नकार कशामुळे आला हे ओळखायचीही सोय आहे. उत्तराच्या संदेशात एकोणचाळिसावं घर असतं, त्यात दोन आकड्यांत निकाल लिहिलेला असतो. ०० म्हणजे मंजूर. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ५७ म्हणजे हा प्रकार या कार्डाला चालत नाही. बटण बंद असल्याची ही खूण. ६१ म्हणजे मर्यादा ओलांडली. पुष्कळदा हा आकडा यंत्राच्या पडद्यावर किंवा पावतीवर दिसतो. सगळ्या बँका इतक्या नेमकेपणानं सांगत नाहीत, काही मोघम नकार पाठवतात. पण ५७ किंवा ६१ दिसला तर यंत्रावर किंवा दुकानदारावर चिडायचं कारण नाही. उत्तर आपल्याच फोनमध्ये आहे.

आता परदेशाच्या बटणाविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण इथे अंदाज हमखास चुकतो. आपण कुठे उभे आहोत याच्याशी या बटणाचा संबंध नाही. संगणक विचारतो तो दुकानाचा देश. बाईंनी दुबईत बसून एखाद्या भारतीय संकेतस्थळावरून कोल्हापूरच्या नातवासाठी खेळणं मागवलं, तर तो देशांतर्गत ऑनलाइन व्यवहार आहे. परदेशाचं बटण बंद असलं तरी होईल. उलट कोल्हापुरात बसून एखाद्या परदेशी कंपनीच्या ॲपची वर्गणी भरली, तर ती परदेशी ऑनलाइन ठरू शकते, मग किंमत रुपयांत दाखवलेली का असेना. परदेशातल्या दुकानात यंत्रानं 'रुपयांत देता का' असं विचारलं आणि आपण हो म्हटलं, तरी देशाचं घर तेच राहतं. एखादं संकेतस्थळ परदेशात नोंदलेलं होतं की काय, हे खात्याच्या उताऱ्यावर कळतं: दुकानाच्या नावापुढे परदेशी शहर किंवा देश दिसतो, आणि बऱ्याचदा चलनाचा वेगळा आकारही लागलेला असतो.

सगळ्या बटणांत परदेशी ऑनलाइन हे बटण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याचं कारण ओटीपीत आहे. भारतात १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला छापील माहितीखेरीज आणखी एक ओळख लागते. आज ती बहुधा ओटीपीच्या रूपात येते. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की ओटीपीशिवाय पैसे जाऊच शकत नाहीत असं आपण धरून चालतो. पण हा नियम देशातल्या व्यापाऱ्यांसाठी होता. परदेशातल्या पुष्कळ संकेतस्थळांवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होते. फोन वाजतो तो पैसे गेल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५च्या निर्देशांनी यात एक पाऊल पुढे टाकलं: परदेशी व्यापाऱ्याकडून अशी ओळख मागितली गेली तर ती पडताळण्याची व्यवस्था बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करायची आहे. पण 'मागितली गेली तर' हे त्यातले शब्द ध्यानात घ्यावेत. व्यापाऱ्यानं मागितलीच नाही, तर मध्ये उभं राहायला आपलं बटणच आहे. म्हणून ते एरवी बंद ठेवावं, परदेशी वर्गणी भरायची त्या दिवशी उघडावं, मर्यादा त्या रकमेच्या जरा वर ठेवावी आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करावं. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी असेल तर मात्र भान ठेवायला हवं. कपातीच्या दिवशी बटण बंद असलं, तर हप्ता नाकारला जाऊ शकतो.

टॅपविषयी लोकांची भीती मला थोडी वाढवलेली वाटते. गर्दीत कुणी यंत्र खिशाला लावून पैसे काढेल, ही ती भीती. भारतात टॅपवर पिनशिवाय जास्तीत जास्त ५,००० रुपयांचा व्यवहार होतो. पूर्वी ही मर्यादा २,००० होती, ती १ जानेवारी २०२१ पासून वाढली. त्यापुढे पिन लागतोच. शिवाय चिपनं बनवलेला सांकेतिक आकडा दर वेळी नवा असतो. मोजणीअंक पुढे सरकलेला असल्यामुळे जुना आकडा चोरून पुन्हा पाठवला तर बँक तो ओळखते. आणि पैसे उकळायला चोराकडेही एखाद्या बँकेनं नाव-पत्ता तपासून दिलेलं यंत्र असावं लागतं. खरी जोखीम साधी आहे: कार्ड हरवणं. ते ज्याला सापडेल त्याला पिनची गरज नसते, तो पाच-पाच हजारांचे टॅप करत सुटू शकतो. इथे मर्यादेचा खरा उपयोग आहे. दूध, भाजी, औषधं एवढ्यासाठीच टॅप लागत असेल, तर मर्यादा हजार रुपये ठेवावी.

परदेशातल्या एटीएमचं बटण बंद ठेवायचं ते मात्र चुंबकीय पट्टीमुळे. पट्टीवरची माहिती स्थिर असते. चिपसारखी ती दर वेळी नवा आकडा बनवत नाही. ती कुणी चोरून उतरवली तर तिची नक्कल दुसऱ्या प्लॅस्टिकवर करता येते. भारतात २०१९ पासून चिपची कार्डं सक्तीची झाली. पण जगात जिथे यंत्रं अजून पट्टीवर विश्वास ठेवतात, तिथे अशी नक्कल वापरून पाहिली जाते. बटण बंद असेल तर संदेशातला परका देश पाहूनच बँक नकार देते, नक्कल कितीही हुबेहूब असो.

मात्र यासाठी प्रश्न बँकेपर्यंत पोचावा लागतो. पुण्यानं हे २०१८ साली पाहिलं. ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेवर जो सायबर हल्ला झाला, त्यात नकली कार्डं घेऊन अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले जवळजवळ ७८ कोटी या परदेशी एटीएममधून. त्या एटीएमनी प्रश्न विचारले होते, जाळ्यानं ते पुढे पाठवलेही होते. पण हल्लेखोरांनी मध्ये आपली खोटी उत्तर देणारी यंत्रणा घुसवली होती. बँकेच्या मूळ संगणकाला कळायच्या आतच 'मंजूर' अशी उत्तरं जात होती. त्या वेळी ग्राहकांच्या हाती अशी बटणं असती तरी त्या दिवशी त्यांना कुणी विचारलंच नसतं. त्यामुळेच ते नुकसान खातेदारांचं न ठरता बँकेचं ठरलं. याहून सौम्य स्वरूपात असं एरवीही घडू शकतं. बँकेचा संगणक बंद पडला असेल तर काही वेळा कार्डाचं जाळंच बँकेच्या वतीनं, आधी ठरवून दिलेल्या नियमांवर उत्तर देतं. आपण पाच मिनिटांपूर्वी सरकवलेलं बटण त्याला ठाऊक असेलच असं नाही.

बटणाच्या कक्षेबाहेर आणखी काही गोष्टी आहेत, त्या पटकन सांगतो. मेट्रोच्या फाटकावर चालणाऱ्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात काही रक्कम, जास्तीत जास्त २,००० रुपये, कार्डाच्या चिपमध्येच भरून ठेवता येते. फाटक ती थेट चिपमधून वजा करतं, बँकेला विचारत बसत नाही. ते कार्ड हरवलं तर तेवढे पैसे गेले असं धरावं. बचत खात्यावरचं यूपीआय डेबिट कार्डाच्या बटणांना जुमानत नाही, कारण ते कार्डाच्या वाटेनं जातच नाही. खात्यातून थेट पैसे घेतं. आणि बटण बंद करण्याआधी मंजूर झालेला व्यवहार, उदाहरणार्थ हॉटेलाची ती अनामत, नंतर वसूल होऊ शकतो. बटण पुढच्या प्रश्नाला लागू असतं, दिल्या गेलेल्या उत्तराला नाही.

शेवटी त्या एसएमएसविषयी, जो बहुतेक जण वाचून पुसून टाकतात. 'आपल्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहाराचा प्रयत्न झाला, सुविधा बंद असल्यामुळे नाकारला.' आपण तसा प्रयत्न केलेला नसेल, तर बटणानं काम चोख केलं. पण त्याच वेळी आपल्याला एक बातमीही मिळाली: कार्डाचा नंबर कुणाच्या तरी हाती आहे, आणि तो चालतो का, हे तो माणूस तपासून पाहतो आहे. अशा वेळी बटण बंद आहे म्हणून निश्चिंत राहू नये. सहा महिन्यांनी आपण ते सहलीसाठी उघडू, तेव्हा नंबर तोच असेल. ॲपमध्येच कार्ड कायमचं बंद करण्याचा पर्याय असतो. तो वापरून नवं कार्ड मागवावं, म्हणजे नंबरच बदलेल. पैसे गेलेच असतील तर बँकेला त्याच दिवशी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावरही फोन करावा. २०१७ साली रिझर्व्ह बँकेनं घालून दिलेल्या नियमाप्रमाणे, चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार झाली असेल, तर ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. चौथ्या दिवसापासून त्यातला काही भाग आपल्या माथी येऊ शकतो.